पान खुडण्याआधी त्याची पाठ पाहा

जुलैच्या मध्यावर नेरुळ, सानपाडा किंवा खारघरमधल्या कुठल्याही सोसायटीत मान वर करून पाहिलं, तर गॅलऱ्यांमध्ये दोन कुंड्या हटकून दिसतात. एक कागदी लिंबाची आणि दुसरी हळदीची. लिंबू घरचं असावं म्हणून, आणि हळद मुख्यतः पातोळ्यांसाठी. नागपंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंत हळदीची पानं विकत घ्यायची म्हटलं तर बाजारात भाव चढलेला असतो. कुंडीत चार गड्डे पुरले की ते काम भागतं. नेमक्या याच दिवसांत दोन्ही झाडांच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळी कड दिसू लागते.

पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. घरातलं कुणीतरी "बुरशी लागली" म्हणतं, कात्री येते, ठिपका दिसेल ते पान खाली उतरतं, आणि संध्याकाळी नर्सरीतून आणलेलं बुरशीनाशक दोन्ही कुंड्यांवर फवारलं जातं. हळदीच्या बाबतीत हे निदान बहुधा बरोबर असतं. लिंबाच्या बाबतीत ते बहुधा चूक असतं, कारण लिंबावरचा तो डाग जिवाणूचा, म्हणजे खैऱ्याचा असतो. कात्रीने नुकसान मात्र दोघांचंही होतं, आणि प्रत्येकाचं निराळ्या कारणाने.

चकवते ती पिवळी कड. अनेकांना ती जिवाणूची खूण वाटते, काहींना बुरशीची. खरं तर ती दोघांचीही असू शकते. पानाच्या आत शिरलेला जीव काही विषारी द्रव्यं सोडतो, ती डागाच्या पुढे पसरतात आणि तिथल्या पेशींमधलं हरितद्रव्य नाहीसं होऊ लागतं. पेशी अजून मेलेल्या नसतात, पण हिरव्या राहिलेल्या नसतात. तोच पिवळा पट्टा. अशी द्रव्यं जिवाणू सोडतात तशी बुरशीच्या कित्येक जातीही सोडतात. म्हणून पिवळी कड इतकंच सांगते, की हा डाग बहुधा जिवंत रोगाचा आहे. उन्हाने भाजलेल्या पानाचा डाग फक्त उन्हाकडच्या बाजूला आणि कोरडा असतो. खत जास्त झालं की पानाचा शेंडा आणि कडा करपतात. त्यांत आणि या ठिपक्यांत फरक करायला पिवळी कड उपयोगी आहे. जिवाणू की बुरशी, हे मात्र कड सांगत नाही. त्यासाठी कडेच्या आतल्या बाजूला, तपकिरी आणि पिवळ्याच्या सीमेवर, काय आहे ते पाहावं लागतं. आणि तेही पानाच्या पाठीवरून.

लिंबाचं एक ठिपकेवालं पान घ्या, पण तोडू नका. फांदीवरच उलटं करून मागून मोबाइलची बॅटरी धरा. डाग ताजा असेल तर तपकिरी भागाच्या लगत एक बारीकशी, तेल लागल्यासारखी पारदर्शक रेघ गोल फिरलेली दिसेल, आणि तिच्या बाहेर पिवळा पट्टा. ही तेलकट कड म्हणजे पेशींमधल्या मोकळ्या जागांत हवेऐवजी पाणी आणि जिवाणू भरल्याची खूण. आता डागावरून बोट फिरवा. खैऱ्याचा डाग सपाट नसतो. तो पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. सुरुवातीला पानाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा तेलकट ठिपका येतो, तो फुगून फिकट, भुसभुशीत पुळी होते, पुळी फुटते आणि तिची तपकिरी, बुचासारखी कडक खपली बनते, मधोमध खळगा असलेली. ही खपली पानाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेली असते. हे लक्षण पक्कं आहे. एकाच पावसात लागण झालेले ठिपके साधारण एका मापाचे, दोन ते पाच मिलिमीटरचे असतात, आणि पाणी जिथे साचून राहतं त्या पानाच्या कडेला, टोकाला जास्त दिसतात. पानावर नागअळीची चंदेरी नागमोडी वाट असेल तर त्या वाटेच्या कडेने ठिपक्यांची रांगच लागलेली सापडते, कारण अळीने पोखरलेली जागा ही जिवाणूसाठी उघडी जखम असते. कोवळ्या फांदीवर आणि फळाच्या सालीवरही अशाच खपल्या दिसल्या तर शंकेला जागा उरत नाही.

हा आपल्याकडचा जुना रोग आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती संग्रहात डेहराडूनहून 1827 ते 1831 या काळात नेलेल्या महाळुंगाच्या वाळवलेल्या पानांवर खैऱ्याचे डाग सापडले आहेत. आणि तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत हा रोग पोचला तेव्हा, तिथल्या अभ्यासकांना तो आधी बुरशीचाच वाटला होता. मेलेल्या डागावर निरनिराळ्या बुरशा आपोआप वाढतात, आणि डागातून बुरशी मिळाली की तिलाच दोषी धरण्याचा मोह होतो. 1915 मध्ये क्लारा हॅसे या अमेरिकी संशोधक बाईंनी कारण जिवाणू आहे हे दाखवून दिलं. आज त्याला झँथोमोनास सिट्री म्हणतात. मेलेल्या डागावर वाढलेली बुरशी बघून फसणं हे तेव्हा प्रयोगशाळेत झालं तसं आज गॅलरीतही होतं, त्याकडे पुढे येऊच.

आता हळदीचं पान. हेही न तोडता उलटं करून उजेडात धरा. हळदीवरचा नेहमीचा डाग लांबट-गोल असतो, वाढत वाढत चार-पाच सेंटिमीटर लांब होतो, आणि शेजारचे डाग एकमेकांत मिसळतात. मधला भाग राखाडी-पांढुरका आणि कागदासारखा पातळ पडतो, भोवती तपकिरी कड आणि तिच्या बाहेर पिवळी. उजेडात तेलकट पारदर्शक रेघ दिसत नाही. तपकिरीतून पिवळं आणि पिवळ्यातून हिरवं असा कोरडा बदल दिसतो. बोटाला खरखर लागत नाही, उलट ती जागा चुरगळेल की काय असं वाटतं. खात्री पटते ती भिंगाने. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं दहापट भिंग पुरेसं आहे, मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालेल. राखाडी भागावर बारीक काळे ठिपके, पुष्कळदा एकात एक वर्तुळांत मांडलेले दिसतात. ही कोलेटोट्रिकम बुरशीची बीजाणू तयार करण्याची ठिकाणं. जिवाणूला असं काही बांधावं लागत नाही, त्यामुळे काळे ठिपके वर्तुळात दिसले की प्रश्न मिटला.

जिवाणूचे डाग कोनदार असतात आणि बुरशीचे गोल, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. बऱ्याच झाडांना तो लागूही पडतो, कारण जिवाणूला पानाच्या शिरा ओलांडता येत नाहीत आणि डाग शिरांच्या चौकटीत अडकतो. पण आपल्या या दोन कुंड्यांत तो दोन्हीकडे फसतो. खैऱ्याचा डाग जिवाणूचा असून गोल असतो. आणि हळदीवर पावसाळा सरता सरता आणखी एक रोग येतो, त्यात शिरांना धरून ओळीने एक-दोन मिलिमीटरचे चौकोनी, मळकट पिवळे ठिपके पानाच्या दोन्ही बाजूंना येतात. ते दिसायला अगदी जिवाणूचे वाटतात, पण काम टॅफ्रिना नावाच्या बुरशीचं असतं. हळदीच्या शिरा समांतर असल्यामुळे कुठलाही छोटा डाग तिथे चौकोनी होतो. म्हणून मी आकाराला दुय्यम साक्षीदार मानतो. आधी तेलकट कड, मग खपलीचा स्पर्श, मग भिंगातले काळे ठिपके.

एवढं करूनही ठरत नसेल तर फक्त एक पान तोडायला हरकत नाही. ते नळाखाली धुवा, ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा, झिपच्या पिशवीत बंद करा आणि सावलीत ठेवा. चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी भिंगातून पाहा. हळदीवरच्या बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवर या ओलाव्यात फिकट गुलाबी-नारिंगी चिकट थेंब येतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात. जिवाणूच्या डागावर असं काही उगवत नाही, फार तर कड आणखी ओली, तेलकट दिसते. अठ्ठेचाळीस तासांनंतर मात्र पिशवी फेकून द्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठल्याही मेलेल्या पानावर पांढरा-हिरवा केसाळ बुरा येतोच, आणि तो पाहून लिंबावर बुरशी आहे असं म्हणणं म्हणजे 1915 च्या आधीची चूक पुन्हा करणं. घरात कुणी शाळा-कॉलेजात शिकत असेल आणि सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर याहून सरळ उपाय आहे. ताज्या डागाच्या हिरव्या सीमेवरचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पातीने कापा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर पातळ काच ठेवून शंभरपट मोठं करून कापलेल्या कडेकडे बघत राहा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत त्या कडेतून गढूळ, ढगाळ लोट पाण्यात वाहू लागतो. जुनाट, वाळक्या डागातून हा लोट पुष्कळदा निघत नाही, म्हणून डाग ताजाच हवा.

निदान झालं, आता कात्री. लिंबाची पानं भर पावसात उतरवण्यात दोन धोके आहेत. पहिला हाताचा. ओल्या पानावरच्या खपलीतून जिवाणू पाण्यात उतरत असतात. त्या पानाला लागलेला हात आणि कात्री पुढच्या पानाला लागली की रोग पोचला. दुसरा धोका जास्त गंभीर आहे आणि फारसा लक्षात घेतला जात नाही. बरीच पानं एकदम काढली की लिंबू नवी पालवी फोडतं. खैऱ्याला सगळ्यात जास्त बळी पडतं ते अर्धवट वाढलेलं कोवळं पान. पान पूर्ण वाढून कडक झालं की नुसत्या पावसाने त्याला सहसा लागण होत नाही. म्हणजे जुलैमध्ये वीस डागाळलेली पानं काढून आपण ऑगस्टच्या पावसात चाळीस कोवळी पानं जिवाणूपुढे ठेवतो. त्यात नवी मुंबईचा पाऊस. पंचवीस ते तीस अंशांचं तापमान जिवाणूला मानवतंच, शिवाय पाऊस सरळ पडत नाही; खाडीकडून येणारा वारा तो आडवा झोडतो. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे तीस किलोमीटरच्या वर गेला की पावसाचं पाणी पानाच्या रंध्रांतून जोराने आत ढकललं जातं, आणि त्याबरोबर जिवाणूही. दहाव्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत हा वेग कौतुकाचा नाही.

वारा आणि पाऊस मिळून हा रोग किती लांब नेतात, ते फ्लोरिडाने सरकारी खर्चाने शोधून काढलं. 1995 मध्ये तिथे खैऱ्या पुन्हा सापडला तेव्हा रोगी झाडाभोवतीची 125 फुटांतली लिंबू-संत्र्याची झाडं तोडत असत. ती पुरेनात, म्हणून पुढे ही त्रिज्या 1,900 फुटांवर नेली आणि लोकांच्या परसातली निरोगी झाडंसुद्धा तोडली. 2004 आणि 2005 मधल्या वादळांनी जिवाणू इतका पसरवला की 2006 च्या जानेवारीत ही मोहीम सोडून द्यावी लागली. गॅलरीत पाच पानं तोडून रोग संपवण्याची आशा धरताना हे आठवावं.

आपल्याकडे पानगळीचं गणित ज्यांनी नीट बसवलं ते डाळिंबवाले. सोलापूर, नाशिक, सांगलीकडे या शतकाच्या सुरुवातीपासून तेल्याने बागा उद्ध्वस्त केल्या. तोही झँथोमोनास जिवाणूच. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग, भोवती पिवळी कड, फळ तडकणं. सोलापूरला 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं. डाळिंबाची सगळी पानं या भागातले शेतकरी मुद्दाम झाडतात. बहार धरायचा तर आधी ताण देऊन इथ्रेलने पानगळ करावीच लागते. पण तेल्याच्या पट्ट्यात जाणता बागायतदार मृग बहार टाळून हस्त बहार धरतो. म्हणजे नवी पालवी, फूल आणि फळ यांचा मोठा काळ पावसाच्या बाहेर काढतो, आणि झडलेली पानं बागेत न ठेवता गोळा करून जाळतो. तेवढंच शहाणपण एका लिंबाच्या कुंडीला पुरतं.

सानपाड्यातल्या एखाद्या तीन फुटी लिंबाचं उदाहरण घेऊ: साठेक पानं, त्यातल्या पंधरावर खपल्या, दोन कोवळ्या फांद्यांवरही. जुलैत त्याला कात्री लावायची नाही. कुंडी भिंतीकडे सरकवायची, म्हणजे झोड कमी लागेल. पाणी बुंध्याशी घालायचं. नत्राचं खत थांबवायचं, कारण त्याने पालवी फुटते. गळून पडलेली पानं मात्र रोज उचलून पिशवीत बांधून सुक्या-ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी टाकायची, कुंडीत खत म्हणून पुरायची नाहीत. नवी पालवी दिसलीच तर ती बोटभर होताच कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला तीन ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना, पाऊस उघडलेला असताना. तांबं आत शिरलेल्या जिवाणूला मारत नाही. पानाच्या पृष्ठभागावर आलेल्याला अडवतं. म्हणून जुने डाग तसेच राहतील आणि औषध लागू पडलं नाही असं वाटेल. बघायचं ते नव्या पानाकडे. खरी छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चार-पाच कोरड्या दिवसांनंतर, दव वाळल्यावर. तेव्हा पानांपेक्षा त्या दोन फांद्या महत्त्वाच्या, कारण पानातला जिवाणू पान गळलं की कुजण्याबरोबर संपत जातो, पण फांदीवरच्या खपलीत तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत सहज तग धरतो. खपलीच्या खाली निरोगी भागात काप घ्यायचा आणि प्रत्येक कापानंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसायची.

हळदीचं कोडं उलटं आहे. एका फुटव्याला मोजकीच आठ-दहा पानं येतात आणि तोडलेल्या पानाच्या जागी भराभर नवी येत नाहीत. गड्ड्यात जे काही साठतं ते याच पानांतून जातं. चार डाग पडले म्हणून पान कापलं तर उरलेला हिरवा भागही गेला. मी तरी निम्म्याहून जास्त वाळलेलंच पान काढतो, तेही देठाशी, कोरड्या दुपारी. आणि जमिनीला टेकलेलं सगळ्यात खालचं पान, कारण मातीवर उडणारं पाणी पहिल्यांदा त्याच्यावर येतं. ही बुरशी वाळक्या पानांवर टिकून राहते, म्हणून हंगाम संपताना कुंडीतला पाचोळा पूर्ण काढायचा आणि बेण्यासाठी गड्डे ठेवायचे ते बिनडागाच्या कुंडीतले. झाडांची दाटी असेल तर मधला एखादा फुटवा काढून हवा खेळती करण्याने फवारणीइतकाच फरक पडतो.

फवारणीचं म्हणाल तर मॅन्कोझेब, लिटरला अडीच ग्रॅम, या बुरशीवर चालतं; लिंबाच्या खैऱ्यासाठी मात्र त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पण ज्या पानात तांदळाची उकड आणि गूळ-खोबरं वाफवायचं त्या पानावर ते मारू नये. पातोळ्यांची कुंडी वेगळी ठेवावी, तिच्यावर काहीच न फवारता डागाचं पान फक्त वगळावं. डाग नसलेलं, धुतलेलं शेजारचं पान वापरायला काही अडचण नाही.

नर्सरीत लिंबासाठी अजूनही स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी हातात दिली जाते. ती स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या दोन प्रतिजैविकांची भुकटी आहे, आणि पहिलं औषध क्षयाच्या रुग्णांना दिलं गेलेलं आहे. शेतीतला तिचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारने 2021 च्या डिसेंबरमध्ये काढला, कारण अशा फवारण्यांतून औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. एका कुंडीतल्या साठ पानांसाठी ती पुडी परत करावी आणि त्या पैशांत भिंग घ्यावं.